@everyone: सगळ्यांना हाक कधी मारावी?

चॅटच्या गटात कुणी @everyone लिहून सर्वांना टॅग केलं की फोन वाजतो, स्क्रीन उजळते आणि आपण हातातलं काम सोडून बघतो. निदान सुरुवातीला तरी बघतो. पुढे एक दिवस असा येतो की फोन वाजतो आणि आपण बघतच नाही. याला सहसा आळस किंवा बेफिकिरी म्हटलं जातं. मला ते पटत नाही, कारण त्यामागे मेंदूचा चोख हिशेब असतो.

हा हिशेब धोक्याच्या घंटांवर बराच तपासला गेला आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ब्लिस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात प्रयोग केले. लोकांना एक काम दिलं आणि मध्येच घंटा वाजवल्या, त्यातल्या काही खऱ्या, काही खोट्या. बहुतेकांचा प्रतिसाद घंटेच्या खरेपणाच्या आसपास स्थिरावला. दर चारपैकी एकच घंटा खरी असेल, तर लोकही साधारण चारातल्या एकीलाच उठत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आकड्यांत मांडली तर अशी दिसते.

आता ८० जणांच्या कार्यालयाचा एक गट कल्पून पाहू. महिन्याभरात बारा वेळा सर्वांना टॅग झालं. त्यातले तीन संदेश खरोखर सगळ्यांसाठी होते. सहा फक्त तांत्रिक चमूच्या कामाचे होते. उरलेले तीन ‘कुणाकडे जुनी फाइल आहे का?’ या जातीचे. तांत्रिक चमूतल्या माणसासाठी बारापैकी नऊ टॅग कामाचे, म्हणजे खरेपणा ७५ टक्के. हिशेब विभागातल्या माणसासाठी मात्र बारापैकी तीनच, म्हणजे २५ टक्के. घंटा तीच, पण एकाला ती भरवशाची आणि दुसऱ्याला कटकट. टॅग करणारा बहुधा तांत्रिक चमूतलाच असतो, म्हणून ‘मी तर कामाचंच टाकतो’ असं त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटतं.

हिशेब विभागातल्या माणसाने गट म्यूट केला, तरी पाठवणाऱ्याला ते कळत नाही. डिस्कॉर्ड या चॅटच्या अ‍ॅपवर तर गट चालू ठेवून फक्त @everyone आणि ऑनलाइन असलेल्यांनाच हाक मारणारा @here यांच्या सूचना बंद करायची वेगळी सोय आहे. त्यामुळे गटातली शांतता म्हणजे संदेश पोचल्याची खूण नव्हे.

‘कुणाकडे आहे का?’ या प्रश्नांची गोष्ट आणखी निराळी आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं इंटरकॉमवर बोलत होती आणि त्यातल्या एकाला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक झटका संपण्याआधी मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. एकमेकांना न दिसणारी, दुसरा कुणीतरी बघेल म्हणणारी ही मंडळी म्हणजे आपला गटच की! जुनी फाइल हवी असेल तर ती ज्याच्याकडे असण्याची शक्यता जास्त, त्याचं नाव घेऊन विचारावं. ८० जणांना हाक मारल्याने उत्तराची शक्यता ८० पट होत नाही.

मग सर्वांना टॅग करणं रास्त कधी? माझी कसोटी तीन प्रश्नांची. जवळजवळ प्रत्येकाला काही करायचं आहे का? लोक आपणहून गट उघडतील, तोवर उशीर होईल का? आणि न केल्यास नुकसान होईल का? ‘आज रात्री ८ वाजता सर्व्हर बंद होणार, ७.४५ पर्यंत काम सेव्ह करा’ हा संदेश तिन्ही प्रश्नांवर टिकतो. ‘नवी आवृत्ती आली’ हा पहिल्यावरच पडतो. तो तांत्रिक चमूचा स्वतंत्र टॅग करून त्यांनाच पाठवावा. कार्यालयीन चॅटच्या स्लॅक अ‍ॅपवर आणि डिस्कॉर्डवर असे उपगट करता येतात. @here तिथे सध्या ऑनलाइन असलेल्यांनाच जातो, तेव्हा आत्ता, या घटकेला हजर असलेल्यांचंच काम असेल तर तो पुरतो.

रास्त टॅगही वाया घालवता येतो. सूचनेत पहिली ओळच दिसते आणि ती ‘नमस्कार, सर्वांना कळवण्यात येते की’ यातच संपली, तर फोन वाजल्याचा उपयोग काय? काय करायचं आणि केव्हापर्यंत, हे आधी यावं. कुणाला लागू नाही, हेही लगेच लिहावं.

सगळ्यात जास्त खोट्या घंटा आठवणीच्या संदेशांत वाजतात. एक अर्ज भरायचा होता, ८० पैकी ६२ जणांनी भरला. पुन्हा @everyone केलं, तर ज्यांनी वेळेत काम केलं त्याच ६२ जणांसाठी ही घंटा खोटी ठरते, आणि पुढच्या वेळी त्यांचाच प्रतिसाद मंदावतो. यादी काढून उरलेल्या १८ जणांनाच नावानिशी टॅग करायला पाचेक मिनिटं जास्त लागतील, पण ती पाठवणाऱ्याची जातील, ६२ जणांची नव्हे.