वर्क-एनर्जी की इम्पल्स-मोमेंटम? एका पाइलच्या गणितातून

मेकॅनिक्सच्या फॉर्म्युला शीटवर ही दोन समीकरणं जवळजवळ असतात आणि दोन्हीत फोर्स, मास, व्हेलॉसिटी असल्यामुळे पोरं जे आधी दिसेल ते लावतात:

```
F·s = ½mv² − ½mu²
F·t = mv − mu
```

फरक डावीकडे बघा. एकात अंतर आहे, दुसऱ्यात वेळ. गणितात "इतके मीटर गेल्यावर" असं असेल तर पहिलं, "इतक्या सेकंदांनी" असेल तर दुसरं. साधी गणितं एवढ्यावर सुटतात. खरी गडबड होते टक्कर आली की, कारण तिथे बहुतेक वेळा अंतरही दिलेलं नसतं आणि वेळही नसते.

पाइल ठोकायचं गणित घ्या. 500 किलोचा हॅमर 1.25 मीटरवरून 300 किलोच्या पाइलवर पडतो, उसळत नाही, दोघं एकत्र 10 सेंटिमीटर खाली जातात, जमिनीचा रेझिस्टन्स काढा.

हॅमर पडतोय तोपर्यंत एनर्जीच, कारण उंची दिलीये. 500 × 9.81 × 1.25 म्हणजे 6131 ज्यूल, वेग 4.95 मी/से.

आता ठोका बसतो. इथे एनर्जी पुढे तशीच नेऊ नका! ठोक्यात धातू चेपतो, आवाज होतो, उष्णता निर्माण होते, आणि त्यात किती एनर्जी गेली हे आपल्याला आधी माहीत नसतं. मोमेंटम मात्र टिकतो, कारण ठोका इतक्या कमी वेळात होतो की तेवढ्यात वजन आणि जमिनीचा रेझिस्टन्स यांचा इम्पल्स नगण्य असतो. म्हणून 500 × 4.95 = 800 × V, V आला 3.1 मी/से, आणि उरलेली एनर्जी 3832 ज्यूल. म्हणजे साधारण 2300 ज्यूल ठोक्यातच गेले.

नंतर पाइल 0.1 मीटर रुतते, परत अंतर आलं, परत एनर्जी:

```
(R − 800×9.81) × 0.1 = 3832
R ≈ 46.2 kN
```

ठोक्याची पायरी गाळून 6131 थेट शेवटच्या समीकरणात टाकले तर R येतो 69.2 kN, जवळपास दीडपट, आणि युनिट्स बरोबर असल्यामुळे चूक डोळ्यात भरत नाही. म्हणून ठोक्याच्या आधीची आणि नंतरची कायनेटिक एनर्जी शेजारी लिहायचीच: एकत्र चिकटून जाणाऱ्या टकरीत दोन्ही सारख्या आल्या तर ठोक्यात मोमेंटम वापरलेलाच नाही. शेवटच्या पायरीत 800×9.81 विसरणारेही खूप असतात, पाइल खाली जाताना वजनही काम करतंच ना.

आणि याच गणितात पुढे "थांबायला किती वेळ लागला" असं विचारलं की मगच F·t. निव्वळ फोर्स 38.3 kN, मोमेंटम 800 × 3.1, वेळ येतो साधारण 0.065 सेकंद. तिथे R न घेता वजन वजा केलेला फोर्सच घ्या, नाहीतर वेळ कमी येईल.