फोटोवरून चारकोल पोर्ट्रेट: हा लूक आला कुठून

चारकोलचा जुना इतिहास इथे थोडक्यात उरकतो. कोळसा कागदाला नीट धरून बसत नाही, बोट लागलं की निघतो, म्हणून कित्येक शतकं तो कच्च्या आराखड्यापुरताच वापरला जायचा. पुसायला पावाचा मऊ गर घ्यायचे. 19व्या शतकात कोळसा कागदावर धरून ठेवणारं फिक्सेटिव्ह चांगलं मिळायला लागलं तशी चारकोलमध्ये पूर्ण चित्रंही व्हायला लागली, आणि साधारण त्याच काळात फोटो आला.

फोटोवरून चारकोल ही कल्पना काही कॉम्प्युटरची नाही. 1850 च्या दशकाच्या शेवटी सूर्यप्रकाशावर चालणारा एन्लार्जर आला, त्याने छोट्या निगेटिव्हवरून जवळजवळ खऱ्या आकाराचा चेहरा कागदावर उतरवता यायचा, पण प्रिंट फिकी आणि मऊ यायची. मग स्टुडिओवाले त्या फिक्या प्रिंटवरच चारकोल आणि क्रेयॉनची पूड स्टंपने, म्हणजे कागदाच्या घट्ट गुंडाळलेल्या कांडीने घासायचे, सावल्या भरायचे आणि नाकाचा शेंडा, कपाळ, डोळ्यातली चमक रबराने उचलून काढायचे. पुढे फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर आला, तो गुळगुळीत, त्यावर पूड धरेना, तर त्याच्यावर आधी प्यूमिस दगडाची पूड घासून मुद्दाम खरखरीतपणा आणायचे. म्हणजे आपण आज सॉफ्टवेअरमध्ये ज्या तीन गोष्टी शोधतो, घासलेली सावली, उचललेला उजेड आणि दिसणारा ग्रेन म्हणजे कागदाचा खरखरीतपणा, त्या तिन्ही तेव्हा हाताने वेगवेगळ्या केल्या जायच्या आणि फोटो फक्त खालचा आधार असायचा.

मग 1990 चं दशक. चारकोल नावाचे फिल्टर तेव्हाच घरोघरी पोचले आणि माझ्या मते गाडी तिथेच रुळावरून घसरली. ज्यांनी हे फिल्टर बनवले त्यांच्यातल्या अनेकांनी एक सोयीचा निर्णय घेतला, चारकोल म्हणजे कडा. फोटोतल्या कडा शोधायच्या, त्या थोड्या ब्लर करायच्या, उलट्या करायच्या, झालं. कमांड लाइनवरच्या एका जुन्या टूलमध्ये `-charcoal` नावाचा ऑप्शन आजही नेमकं हेच करतो. त्या काळच्या मशीनवर हे झटपट चालायचं आणि छोट्या स्क्रीनवर बरंही दिसायचं, हे मान्य. पण कोळशाने चेहरा काढणारा माणूस कडेपासून सुरुवात करतोच असं नाही, पुष्कळदा तो आधी आख्खा कागद करडा घासतो आणि मग त्यातून उजेड बाहेर काढतो. तिथे आधी टोन येतो, रेघ सगळ्यात शेवटी, आणि कधीकधी येतच नाही.

या निर्णयाची सगळ्यात फेमस आवृत्ती म्हणजे `Color Dodge` वाली ट्रिक, जी ट्युटोरियलमधून ट्युटोरियलमध्ये फिरत राहिली. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, लेयरची कॉपी घ्या, `Invert` करा, `Gaussian Blur` द्या आणि मोड `Color Dodge` ठेवा. ही का फसते ते एकदा आकड्यांत बघू. 0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पांढरं, आणि फॉर्म्युला साधा आहे:

```
निकाल = खालचा / (1 − वरचा / 255)
```

गालाचा सपाट भाग घ्या, खालची किंमत 180. उलटा लेयर 75, आजूबाजूलाही तेच असल्यामुळे ब्लर करूनही 75 च. उत्तर येतं 255, पांढरं. आता हनुवटीखालची दाट सावली घ्या, किंमत 60. उलटं 195, ब्लरनंतरही 195, आणि उत्तर परत 255! म्हणजे उजळ गाल आणि काळी सावली दोन्ही कोरा कागद होतात. काही उरतं ते फक्त कडेला. जबड्याच्या रेषेशी 60 चा पिक्सेल असेल आणि आसपासची सरासरी 120 असेल तर वरचा लेयर 135 होतो आणि उत्तर सुमारे 128 येतं, करडी रेघ. हे पेन्सिल स्केच म्हणून ठीक आहे, पण याला चारकोल म्हणणं मला कधीच पटलं नाही, कारण घासायला सावलीच शिल्लक राहत नाही. मग लोक वरून मूळ फोटो `Multiply` ने परत टाकतात, त्याने सावली येते पण सोबत फोटोची कातडीही येते, प्रत्येक छिद्र, प्रत्येक केस, आणि सगळं पुन्हा फोटोवर रेघा मारल्यासारखं दिसायला लागतं.

ग्रेनचं भांडण वेगळंच आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. बरेच जण कागदाचं टेक्स्चर `Overlay` मध्ये सगळ्या चित्रावर पसरतात. त्यात मिडटोनला ग्रेन दिसतो, पूर्ण काळ्यात आणि पूर्ण पांढऱ्यात गायब होतो, आणि हलक्या हाताने मारलेल्या स्ट्रोकसाठी ते योगायोगाने बरोबरही बसतं. पण खऱ्या कागदावर काय होतं बघा. कागदाला बारीक उंचवटे आणि खळगे असतात. कांडी हलकी फिरवली की कोळसा फक्त उंचवट्यांवर बसतो आणि खळगे पांढरे राहतात. बोटाने घासलं की पूड खळग्यांत जाते आणि ग्रेन जवळजवळ बुजतो, म्हणून घासलेली सावली गुळगुळीत दिसते. आणि निडेड इरेझर, म्हणजे कणकेसारखा मळता येणारा रबर, दाबून उचलला की तो उंचवट्यांवरचा कोळसा घेऊन जातो, खळग्यातला तिथेच राहतो. म्हणजे हायलाइटमध्ये ग्रेन उलटा होतो, पांढऱ्यावर बारीक करडे ठिपके. शंभर टक्के झूम करून कपाळाची चमक बघितली आणि तिथे एकही ठिपका नसेल, नुसता स्वच्छ पांढरा डाग असेल, तर तो उजेड उचललेला नाही, वरून रंगवलेला आहे.

1990 च्या दशकाच्या शेवटी ग्राफिक्सच्या संशोधनात पेन्सिल आणि कागदाची अशी मॉडेल्स यायला लागली, कागदाला उंचसखल नकाशा धरून प्रत्येक ठिकाणी किती पूड अडकेल ते काढायची, आणि 2002 च्या सुमाराला थ्रीडी मॉडेलवर रिअल टाइम चारकोल रेंडरिंगही झालं. सामान्य माणसाच्या फिल्टरमध्ये मात्र ते फारसं उतरलं नाही, तिथे टेक्स्चर वरून चिकटवणंच चालू राहिलं.

हाताने लेयर लावून हे आजही जमतं. आधी फोटो करडा करून ब्लरने डिटेल मारायचं आणि सगळा टोन साधारण मधल्या करड्याकडे ओढायचा, ही झाली घासलेली जमीन, तिच्यावर ग्रेन अगदी पुसट. त्यावर दाट सावल्या मऊ मास्कने, कडा हरवू द्यायच्या, विशेषतः उजेडापासून लांबचा गाल आणि बॅकग्राउंड जिथे मिळतात तिथे. उजेड उचलताना मास्कला कागदाच्याच टेक्स्चरने कापायचं, म्हणजे उंचवटे उजळतात आणि खळगे करडे राहतात. रेघा सगळ्यात शेवटी, पापणी, नाकपुडी, ओठांमधली फट, आणि त्याच टेक्स्चरच्या उंचवट्यांवर. टेक्स्चर सगळीकडे एकच आणि एकाच जागी हवं, स्ट्रोकसाठी वेगळं आणि हायलाइटसाठी वेगळं घेतलं की डोळ्याला खटकतं.

ग्रेनच्या साइझवरून अजून वाद होतात, खरं तर तो गुणाकाराचा प्रश्न आहे. कागदावर डोकं 25 सेंटीमीटर उंच काढलंय असं धरा आणि ग्रेन अर्धा मिलिमीटर. फोटोत डोकं 1500 पिक्सेल असेल तर एक ठिपका 3 पिक्सेलचा येतो. तोच ग्रेन 10 पिक्सेलचा ठेवला तर डोकं साडेसात सेंटीमीटरचं असल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्याशा डोक्यात कोळशाने पापण्यांचे केस सुटे सुटे काढणं कुणाला जमत नाही, म्हणून मोठा ग्रेन हवाच असेल तर चेहऱ्यातलं बारीक डिटेलही त्याच मापात उडवावं लागतं.