वैद्यकीय वायुवाहिनी, रुग्णकक्षातील

सिलिंडरांच्या मॅनिफोल्डपासून किंवा द्रव ऑक्सिजनच्या टाकीपासून खाटेशेजारच्या आउटलेटपर्यंत वायू नेणारी तांब्याच्या नळ्या, झडपा व दाबसूचक यांची जोडणी. ऑक्सिजनचा नाममात्र दाब बहुधा ४०० किलोपास्कल ठेवतात. अशी वाहिनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होऊ लागली असे सामान्यतः मानले जाते.

आखणीत खरा मतभेद एकाच वेळी किती प्रवाह धरावा याविषयी आहे. ब्रिटिश एचटीएम ०२-०१ या मार्गदर्शिकेत सामान्य कक्षासाठी Q = 10 + (n − 1) × 6/4 हे सूत्र दिलेले आहे; पहिल्या खाटेला मिनिटाला १० लिटर आणि उरलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याला प्रत्येकी ६ लिटर, असा त्याचा हिशेब. २४ खाटांना त्याने ४४.५ लिटर पुरतात. दुसऱ्या मतानुसार कक्षात जी उपकरणे लागणे संभवते त्यांवरूनच प्रवाह मोजावा. उच्चप्रवाही नासिकानळी एकाच रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत देऊ शकते. त्यामुळे २०२० नंतर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत जुनी बैठी इमारत वाढवत नेलेल्या रुग्णालयात मॅनिफोल्ड मागच्या अंगणात आणि कक्ष लांब व्हरांड्याच्या टोकाला असू शकतो. वळणे धरून ही वाट ५० मीटर आणि नळी १५ मिलिमीटर बाह्यव्यासाची (आतून सुमारे १३.६) मानू. सर्व प्रवाह टोकाशीच धरला, तर ४४.५ लिटरला दाबघट जेमतेम अर्धा किलोपास्कल येते. मात्र ८ खाटांना प्रत्येकी ५० आणि १६ खाटांना ६ लिटर धरल्यास प्रवाह ४९६ लिटर होतो. तो अकरा पट असला तरी घट सुमारे साठ-सत्तर पट, म्हणजे ३३ किलोपास्कलच्या आसपास जाते, कारण ती प्रवाहाच्या जवळजवळ पावणेदोन घाताने वाढते. बेळगावच्या सुमारे ७५० मीटर उंचीमुळे तिच्यात किंचितच भर पडते. आयएसओ ७३९६-१ नुसार आखणीच्या प्रवाहावर आउटलेटचा दाब नाममात्र दाबाच्या ९० टक्क्यांखाली, म्हणजे येथे ३६० च्या खाली, जाऊ नये. शाखा व आउटलेटची घट मिळवली की ही मर्यादा अगदी जवळ येते. २२ मिलिमीटरची नळी घातली तर तीच घट पाचच्या आसपास राहते.

अलार्मचा विभाग ठरवताना संवेदक विभागझडपेच्या पुढे, रुग्णाच्या बाजूला असावा. मागे असल्यास कोणी झडप बंद केली तरी फलकावर दाब पूर्ववत दिसतो. या मानकात अलार्मची मर्यादा नाममात्र दाबाच्या २० टक्के वर-खाली, म्हणजे खालची बाजू ३२० आहे. म्हणूनच नळी अरुंद असताना शेवटच्या खाटेवर ३५० उरले तरी फलक गप्प राहतो. अतिदक्षतेच्या ८ खाटांना स्वतंत्र झडप व संवेदक देणे इष्ट. झडपेच्या पेटीवर खाटांचे क्रमांक मराठी व कन्नड दोन्हींत लिहिलेले असावेत, म्हणजे पाळीवरच्या सिस्टरला घाईत चुकीची पेटी उघडावी लागत नाही.

दोष ओळखण्याची खूण साधी आहे: शेजारच्या खाटेचा प्रवाह वाढवताच शेवटच्या फ्लोमीटरचा गोळा खाली उतरतो. कार्यान्वित करताना कक्षातला आखलेला प्रवाह चालू ठेवून शेवटच्या आउटलेटवर ४० लिटर सोडावेत आणि त्याच जागी दाबमापीने दाब वाचावा. बंद वाहिनीवरील वाचनातून दाबघट कळत नाही.