एलोहीम: देव एक की अनेक?

‘बायबलच्या पहिल्याच वाक्यात देवासाठी अनेकवचन आहे, म्हणजे देव अनेक होते, किंवा ते परग्रहावरून आले होते’ असे सांगणारे व्हिडिओ सारखे फिरत असतात. त्यातली निम्मीच गोष्ट खरी आहे. हिब्रूत ‘ईम’ हा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय आहे आणि त्या वाक्यात देवासाठी आलेल्या ‘एलोहीम’ या शब्दाला तो लागलेला आहे. पण त्याच वाक्यातले ‘बारा’, म्हणजे ‘निर्माण केले’, हे क्रियापद एकवचनी आहे. व्हिडिओत नेमके तेच गाळले जाते.

व्याकरणात याला महत्तादर्शक अनेकवचन म्हणतात. आपल्याला लगेच आदरार्थी बहुवचन आठवते, पण दोहोंची रीत उलटी आहे. मराठीत ‘बाबा आले’ म्हणताना क्रियापद बदलते. हिब्रूत नाम अनेकवचनात जाते आणि क्रियापद सहसा एकवचनीच राहते. शिवाय हे नुसते आदराचे प्रकरण नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात, 21:29 मध्ये, माणसाला ठार करणाऱ्या मारक्या बैलाच्या धन्याला देहान्त सांगितला आहे. तिथे ‘धनी’ अनेकवचनी आणि ‘मारला जावा’ एकवचनी. या धन्याचा मान कोण कशाला राखेल? इथे अनेकवचनातून मालकी, सत्ता दिसते.

म्हणून भाषांतर करताना आधी नामाचा प्रत्यय सोडून सोबतचे क्रियापद, विशेषण, सर्वनाम पाहायचे. दहा आज्ञांमधल्या ‘एलोहीम अखेरीम’मध्ये ‘इतर’ हे विशेषणही अनेकवचनी आहे आणि संदर्भही परक्या दैवतांचा, म्हणून ‘इतर देव’. मात्र ही खूण दर वेळी पुरत नाही. उत्पत्ती 20:13 मध्ये ‘देवाने मला घरापासून भटकायला लावले’ असे अब्राहाम सांगतो, तेव्हा क्रियापद चक्क अनेकवचनी आहे. तरी बाराव्या अध्यायात त्याला घर सोडायला सांगणारा देव एकच असल्याने एकवचनच बसते. उलट 1 राजे 11:5 मध्ये अष्टोरेथ या एकट्या देवीलाही एलोहीमच म्हटले आहे.

खरी कसोटी लागते इस्राएली लोकांनी पूजेसाठी केलेल्या सोन्याच्या वासराशी. निर्गम 32:4 मध्ये वासरू एकच, पण लोक म्हणतात ते शब्दशः ‘हे इस्राएला, हे तुझे देव, ज्यांनी तुला मिसर देशातून वर आणले’. दर्शक सर्वनाम अनेकवचनी, क्रियापदही अनेकवचनी. नहेम्या 9:18 मध्ये तोच प्रसंग पुन्हा येतो तेव्हा दोन्ही एकवचनी झालेली आहेत. ते पाहून निर्गमातही ‘हा तुझा देव’ करण्याचा मोह होतो, आणि पुढच्याच वचनात ते वासरू घडवणारा अहरोन इस्राएलाच्या एकाच देवाच्या, म्हणजे परमेश्वराच्या नावाने सण जाहीर करतो, याचाही त्याला आधार मिळतो. तरीही तिथे अनेकवचनच ठेवावे. कारण 1 राजे 12:28 मध्ये इस्राएलचा राजा यराबाम दोन वासरे घडवून जवळजवळ हेच वाक्य उच्चारतो, आणि ती वासरे बेथेल व दान इथे बसवतो. निर्गमातले वाक्य त्या दोन वासरांकडे बोट दाखवते, असे अनेक अभ्यासक मानतात. एकवचन केले की हा धागा तुटतो. नहेम्यात मात्र एकवचनच हवे.