स्तंभशः लंबीकरणातील लंबताऱ्हास आणि परावर्तनाधारित विघटन

लघुतम वर्ग समस्येत m ओळी व n स्तंभ असलेला मॅट्रिक्स A आणि सदिश b दिलेले असतात, आणि b − Ax या अवशेषाची लांबी कमीत कमी करणारा x शोधायचा असतो. A चे A = QR असे विघटन केले, म्हणजे Q चे स्तंभ एकक लांबीचे व परस्परलंब आणि R ऊर्ध्व त्रिकोणी असेल, तर समस्या Rx = Qᵀb या सोप्या समीकरणसंचावर येते. मात्र या रूपांतराचा आधार Q च्या स्तंभांची लंबता हाच आहे. आकडेमोड मर्यादित अंकांत होते तेव्हा ही लंबता किती टिकते, हे Q कोणत्या मार्गाने मिळवला यावर अवलंबून असते.

सर्वांत ओळखीचा मार्ग ग्राम–श्मिट पद्धतीचा आहे. तीत स्तंभ एकामागून एक घेतात, प्रत्येकातून आधी मिळालेल्या q सदिशांवरचे त्याचे प्रक्षेप वजा करतात आणि उरलेल्या भागाला त्याच्या लांबीने भागतात. या पद्धतीची दोन रूपे आहेत. अभिजात रूपात प्रक्षेपाचे सर्व गुणांक मूळ स्तंभावरून काढले जातात. सुधारित रूपात प्रत्येक वजाबाकीनंतर उरलेल्या भागावरून पुढचा गुणांक काढला जातो. अचूक अंकगणितात दोन्ही रूपे एकच उत्तर देतात, संगणकावर मात्र देत नाहीत.

हा फरक पाहण्यासाठी पी. लॉइख्ली यांनी १९६१ मध्ये वापरलेल्या मॅट्रिक्सचे लहान रूप सोयीचे आहे. त्याचे स्तंभ a₁ = (1, ε, 0, 0), a₂ = (1, 0, ε, 0) आणि a₃ = (1, 0, 0, ε) असे आहेत. ε = 10⁻⁸ घेऊन डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे सुमारे १६ दशांश अंकांत, गणित केले, तर 1 + ε² ही बेरीज पूर्णांकनानंतर नेमकी 1 होते, कारण 1 जवळ टिकू शकणारा सर्वांत लहान फरकही ε² पेक्षा मोठा असतो. त्यामुळे a₁ ची लांबी 1 ठरते आणि q₁ = (1, ε, 0, 0) मिळतो. a₂ मधून q₁ वजा केल्यावर (0, −ε, ε, 0) उरतो. त्याचा पहिला घटक खरे तर सुमारे ε² असायला हवा होता, पण तो पूर्णांकनात नाहीसा झाला. हा दोष अतिशय लहान आहे, पण उरलेल्या सदिशाची लांबीही केवळ ε√2 आहे. त्या लांबीने भागून q₂ = (0, −1, 1, 0)/√2 मिळवताना दोष त्याच प्रमाणात मोठा होतो आणि q₁ व q₂ यांचा अदिश गुणाकार शून्याऐवजी −ε/√2 येतो. जवळजवळ समांतर स्तंभांच्या वजाबाकीत लंबता हरवते ती अशी.

तिसऱ्या स्तंभापाशी दोन्ही रूपांच्या वाटा वेगळ्या होतात. अभिजात रूप q₂ चा गुणांक मूळ a₃ वरून काढते आणि तो 0 येतो. a₃ हा q₁ व (0, −ε, 0, ε) यांची बेरीज आहे. यातल्या दुसऱ्या भागाचा q₂ वरचा खरा गुणांक ε/√2 आहे, पण q₁ आणि q₂ यांच्यात शिरलेला −ε/√2 हा दोष त्यात मिसळून त्याला पूर्ण पुसून टाकतो. परिणामी q₃ = (0, −1, 0, 1)/√2 मिळतो आणि q₂ · q₃ = 1/2 होतो, म्हणजे लंब असायला हवे होते त्या सदिशांत ६० अंशांचा कोन उरतो. सुधारित रूप गुणांक उरलेल्या भागावरून काढत असल्यामुळे त्याला ε/√2 मिळतो आणि q₃ = (0, −1, −1, 2)/√6 येतो. हा q₂ ला लंब आहे. लंबतेचा भंग फक्त q₁ शी आणि ε च्या पातळीवर राहतो.

या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर κ, म्हणजे त्याचे स्तंभ परस्परावलंबी होण्याच्या किती जवळ आहेत याचे माप, सुमारे 1.7 × 10⁸ आहे. सुधारित रूपात लंबतेचा ऱ्हास κ आणि पूर्णांकनाचे एकक u यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होतो, तर अभिजात रूपात तो κ²u पर्यंत जाऊ शकतो. येथे κ²u ही संख्या 1 पेक्षा मोठी असल्यामुळे लंबतेची काहीच हमी उरत नाही. हा ऱ्हास A − QR च्या आकारावरून ओळखता येत नाही, कारण तो फरक दोन्ही रूपांत नगण्यच राहतो. त्यासाठी I − QᵀQ चा आकारच मोजावा लागतो.

आता b = (3, ε, ε, ε) घेऊ, म्हणजे खरे उत्तर x = (1, 1, 1) होते. सुधारित रूपाचा बराच चांगला Q घेऊन Qᵀb काढला, तर (3, 0, 0) मिळतो आणि उलट क्रमाने सोडवल्यावर x = (3, 0, 0) येतो. लंबतेतला दोष जेमतेम 10⁻⁸ असताना उत्तर मात्र पूर्ण चुकते. कारण वर दिसले तेच आहे: b चा मोठा भाग q₁ च्या दिशेने असल्यामुळे q₂ · b मध्ये −3ε/√2 इतका दोष येतो आणि तो 3ε/√2 या खऱ्या गुणांकाला नष्ट करतो. यावर सुधारित रूपातच उपाय आहे. b ला चौथा स्तंभ मानून त्याच्यावरही तीच क्रमाक्रमाची वजाबाकी केली, तर गुणांक 3, 3ε/√2 आणि 3ε/√6 येतात आणि x = (1, 1, 1) मिळतो. ओके ब्योर्क यांनी १९६७ मध्ये दाखवले की अशा रीतीने वापरलेली सुधारित पद्धत लघुतम वर्गांसाठी स्थिर असते. Q हाती आला की Qᵀb काढायचा ही सवय मात्र तिच्याबाबतीत घातक ठरते.

ॲल्स्टन हाउसहोल्डर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या परावर्तनाच्या पद्धतीत हा धोका मुळातच टळतो. तीत स्तंभांतून वजाबाक्या करून Q घडवत नाहीत; H = I − 2vvᵀ/(vᵀv) या परावर्तनांनी A च्या स्तंभांतले कर्णाखालचे घटक शून्य करत जातात आणि Q हा त्या परावर्तनांचा गुणाकार असतो. v कोणताही असला, अगदी पूर्णांकनामुळे थोडा चुकलेला असला, तरी H लंबच राहतो. म्हणून Q ची लंबता A चे स्तंभ किती समांतर आहेत यावर अवलंबून राहत नाही. तिच्यातला दोष κ कितीही मोठा असला तरी u च्या लहान पटीत असतो. जीन गोलब यांनी १९६५ मध्ये ही पद्धत लघुतम वर्गांसाठी वापरात आणली.

वरच्याच उदाहरणात v = (2, ε, 0, 0) घेतला की vᵀv = 4 होतो. परावर्तनानंतर a₁ चा (−1, 0, 0, 0), a₂ चा (−1, −ε, ε, 0), a₃ चा (−1, −ε, 0, ε) आणि b चा (−3, −2ε, ε, ε) होतो. पहिली ओळ बाजूला ठेवली की उरलेल्या लहान समस्येतले सर्व आकडे ε च्याच आकाराचे आहेत, त्यामुळे मोठ्या संख्येखाली लहान संख्या दबण्याचा प्रश्न राहत नाही. तिचे उत्तर x₂ = x₃ = 1 येते आणि पहिल्या ओळीवरून x₁ = 1 मिळतो. येथे Qᵀb वेगळा काढण्याची गरजच पडली नाही; b वर तीच परावर्तने लावली गेली.

v निवडताना चिन्हाची काळजी घ्यावी लागते. त्याचा पहिला घटक स्तंभाचा पहिला घटक आणि स्तंभाची लांबी यांच्या बेरजेने बनवतात आणि लांबीला त्या घटकाचेच चिन्ह देतात. उलट चिन्ह घेतले तर येथे 1 − 1 = 0 होऊन v = (0, ε, 0, 0) मिळतो. तो परावर्तन लंबच देतो, पण a₁ मधला ε शून्य करत नाही, फक्त त्याचे चिन्ह बदलतो. तो शून्य मानून पुढे गेल्यास 10⁻¹⁶ ऐवजी 10⁻⁸ आकाराची चूक मॅट्रिक्समध्ये शिरते.

LAPACK या मॅट्रिक्स-गणिताच्या सॉफ्टवेअर संग्रहात हे विघटन DGEQRF ही उपप्रणाली करते आणि परावर्तने b वर लावण्याचे काम DORMQR करते. Q कधीही पूर्ण लिहिला जात नाही, फक्त v सदिश साठवले जातात. क्रियांची संख्या सुमारे 2mn² − 2n³/3 असते, म्हणजे ग्राम–श्मिटच्या 2mn² पेक्षा थोडी कमीच. मात्र Q स्पष्टपणे हवा असेल तर जवळपास तितकेच काम पुन्हा करावे लागते. ज्या पुनरावृत्ती पद्धतींत स्तंभ एकेक करून तयार होतात, तेथे ग्राम–श्मिटच सोयीची पडते, आणि लंबता राखण्यासाठी प्रत्येक स्तंभाचे लंबीकरण दोनदा करतात. मॅट्रिक्सचे स्तंभ u च्या मर्यादेपर्यंत परस्परावलंबी नसतील, तर ही दुसरी फेरी पुरेशी होते.

परावर्तन समस्येची स्वतःची संवेदनशीलता मात्र कमी करू शकत नाही. b मधला जो भाग A च्या स्तंभांनी व्यक्त होत नाही तो मोठा असेल, तर उत्तरातला दोष κ² च्या प्रमाणात वाढतो, मग विघटन कितीही स्थिर असो.