पोलादी शेडच्या जोडांची दृश्य तपासणी (कोकण किनारा)

लोखंडी शेडमधील वेल्डिंगचे आणि नट-बोल्टचे जोड उघड्या डोळ्यांनी, साध्या हत्यारांच्या मदतीने पाहून त्यांतले दोष नोंदवण्याची पद्धत. येथे विचार केला आहे तो अभियंता नसलेल्या, पण शेडची जबाबदारी असलेल्या माणसाने करायच्या तपासणीचा: होडी दुरुस्तीची शेड, आंबा पॅकिंगची शेड, बर्फ कारखान्याचे छप्पर, शाळेवरची पत्र्याची शेड. कैची, पर्लिन, खांब हे शब्द परिचित आहेत असे धरले आहे. वेल्डिंगला मराठी परिभाषेत ‘वितळजोडकाम’ असा शब्द आहे. मात्र फॅब्रिकेशनच्या दुकानात तो कोणी वापरत नाही, म्हणून येथे रूढ शब्दच घेतला आहे.

पद्धतीचे मूळ. डोळ्यांनी जोड पाहण्याला सुरुवातीचे वर्ष देता येत नाही. रिव्हेटच्या काळात पाहणीला हातोडीची जोड होती. घट्ट रिव्हेट ठणठणीत वाजतो, सैल रिव्हेट बद्द वाजतो आणि दुसऱ्या बाजूला लावलेल्या बोटाला त्याची थरथर जाणवते. बोल्टलाही हीच कसोटी लावावी असे जुने मिस्त्री सांगतात. रिव्हेट गरम ठोकला जातो आणि थंड होताना आखडून पत्रे आवळतो, बोल्ट मात्र पान्ह्याने आवळला जातो, त्यामुळे आवाजावरून बोल्टचा ताण ओळखता येतो हे म्हणणे फार ताणलेले वाटते. अगदी सैल बोल्ट हातोडीने सापडतो, एवढेच मान्य करता येते.

तडे शोधण्याच्या ‘तेल आणि खडू’ या युक्तीचा उगम रेल्वेच्या कारखान्यांत, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला असावा. संशयित भागावर पातळ तेल लावायचे, पुसून घ्यायचे आणि वर खडूचा पातळ लेप द्यायचा. तड्यात शिरलेले तेल थोड्या वेळाने लेपावर रेघेच्या रूपाने उमटते. पुढे १९४०च्या सुमारास अमेरिकेत स्विट्झर बंधूंनी चमकणारी द्रव्ये वापरून याच तत्त्वाला आधुनिक रूप दिले. आज बाजारात लाल रंग आणि पांढऱ्या लेपाचे स्प्रे डबे मिळतात. रॉकेल व खडूची जुनी रीत घरगुती तपासणीत अजून उपयोगी पडते. रंग आणि गंज पूर्ण काढून धातू उघडा केला असेल तरच ती चालते.

वर ओढणारा वारा. शेडचे जोड पाहणारा सामान्य माणूस छपराच्या वजनाचा विचार करतो. किनाऱ्यावर घात होतो तो उलट दिशेने. पत्रे आणि पर्लिन मिळून छपराचे वजन चौरस मीटरला साधारण १५ किग्रॅ. भरते. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मी. दिला आहे. मानकातील सूत्र असे आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. त्यानुसार दाब चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ११८ किग्रॅ. येतो. छपरावरचे शोषण याच्या ०.८ पट धरले तरी चौरस मीटरला ९५ किग्रॅ.ची वरच्या दिशेची ओढ होते. स्वतःच्या वजनाने दाबलेले राहणारे जोड अशा वेळी उपटले जातात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात छपरांचे व पत्र्यांचे जे प्रचंड नुकसान झाले त्यामागे ही उलटी ओढ होती. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ समुद्रातूनच सरकले, तरी किनाऱ्यावर पत्रे उडालेच.

म्हणून तपासणीचा क्रम पत्र्यापासून खाली पायापर्यंत ठेवावा: पत्र्याचा जे-हुक किंवा स्क्रू, पर्लिन धरणारी क्लीट, कैची आणि खांबाचा जोड, शेवटी बेस प्लेट. यांतला एक दुवा सुटला की खालचे सगळे मजबूत असून फुकट जाते. शोषण कडांना आणि कोपऱ्यांना अधिक असते. त्यामुळे सुरुवात समुद्राकडच्या कोपऱ्यातून करावी. पाहणी शिडीवरून किंवा खालून दुर्बिणीने करावी. सिमेंटच्या पत्र्यावर चढू नये, तो पायाखाली फुटतो.

वेल्ड पाहणे. हत्यारे थोडी लागतात: तारेचा ब्रश, विजेरी, व्हर्नियर, हॅक्सॉचे पान आणि ३, ५ व ६ मिमी.च्या खाचा कापलेला पत्र्याचा साचा. वेल्डच्या दोन्ही पायांची, म्हणजे जोडलेल्या दोन पट्ट्यांवर टेकलेल्या त्याच्या बाजूंची लांबी साच्याने पाहता येते. विजेरी समोरून धरली तर काही दिसत नाही. प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पाडावा, मग खाच आणि तडा सावली टाकतात.

कोपऱ्यातील वेल्डची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे पायाच्या लांबीच्या सुमारे ०.७ पटीवर अवलंबून असते. फुगीर, बटाट्यासारखा वेल्ड भक्कम दिसतो, पण कडेला तो नुसता टेकलेला असू शकतो. धातू वितळून मिसळला असेल तर वेल्डची कड पट्टीत सौम्यपणे उतरते. ती गोल होऊन खाली वळत असेल तर मिसळलेला नाही असे समजावे. बुडबुड्यांची भोके, उडालेले थेंब, कोपऱ्यात राहिलेली मळी हे दोष लगेच डोळ्यांत भरतात आणि बहुतेकदा किरकोळ असतात.

वेल्डच्या कडेला मूळ धातू वितळून जी खाच पडते तिच्याबद्दल मानकांत एकवाक्यता नाही. अमेरिकेतील एडब्ल्यूएस डी१.१ साधारण १ मिमी. खोलीपर्यंतची खाच चालवून घेते. आयएसओ ५८१७ जाडीच्या प्रमाणात मर्यादा घालते: मधल्या दर्जाला जाडीचा दहावा भाग, तोही ०.५ मिमी.पेक्षा जास्त नाही. जाड तुळयांच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही. कोकणातील शेडचे बॉक्स पाइप मात्र बऱ्याचदा २ ते ३ मिमी. जाडीचे असतात, आणि ३ मिमी.च्या पाइपात १ मिमी.ची खाच म्हणजे एक तृतीयांश जाडी गेली. येथे जाडीच्या प्रमाणातली मर्यादाच धरावी, हे बरे.

गंजाचा डाग आणि तडा यांतला फरक ओळखणे हा या तपासणीचा सर्वांत अवघड भाग. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर वेल्ड केला की जस्त जळते. त्यावर जस्ताचा रंग दिला नसेल तर पहिल्या पावसाळ्यातच वेल्डवर तांबूस डाग येतो. तो पसरट, वेल्डभर असतो आणि ब्रशने निघतो. तडा रेघेसारखा येतो: वेल्डच्या कडेला समांतर, किंवा वेल्ड जिथे संपतो त्या खळग्यातून निघालेला. त्यातून गंजाचा ओघळ उतरतो, आणि पुसून रंग दिला तरी त्याच जागी पुन्हा उमटतो. रंगाचाच तडा असेल तर रंग खरवडल्यावर रेघ नाहीशी होते.

बोल्ट पाहणे. डोक्यावरचे ४.६ किंवा ८.८ हे आकडे बोल्टची प्रत सांगतात. ४.६ मध्ये तुटण्याची ताकद चौरस मिमी.ला सुमारे ४०० न्यूटन असते, ८.८ मध्ये ८००. खूण नसलेला काळा बोल्ट कमी प्रतीचाच समजावा. नटबाहेर बोल्टचा किती भाग दिसावा याबाबतही दोन मते आहेत. अमेरिकी संकेतानुसार बोल्टचे टोक नटच्या तोंडाशी बरोबरीत आले तरी पुरते, युरोपीय मानक निदान एक आटा बाहेर मागते. खारट हवेत नटचे तोंड गंजाने भरून गेल्यावर बरोबरी ठरवता येत नाही. म्हणून एक आटा दिसलाच पाहिजे हा नियम या किनाऱ्यापुरता अधिक सोयीचा.

बोल्ट किती आवळला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते एवढेच की तो फिरला की नाही. नट, बोल्टचे टोक आणि पट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आणि पुढच्या वर्षी ती मोडलेली सापडली, तर नट फिरला आहे. दोन पट्ट्यांमध्ये गंज साठून त्या फुगून उघडल्या असतील, तर बोल्ट घट्ट असूनही जोड बिघडलेला असतो. अशा फटीत साधारण ०.६ मिमी. जाडीचे हॅक्सॉचे पान शिरते.

एक उदाहरण. खाडीकाठची १६ मी. लांब व ८ मी. रुंद शेड घेऊ. ४ मी. अंतरावर पाच कैच्या, १.२ मी. अंतरावर पर्लिन. मधल्या कैचीवरच्या एका क्लीटच्या वाट्याला ४.८ चौ. मी. छप्पर येते. वरच्या हिशेबाने वाऱ्याची ओढ सुमारे ४५० किग्रॅ., त्यातून छपराचे वजन वजा करता जवळजवळ ३८० किग्रॅ. निव्वळ वर ओढणारे बल. सुरक्षेचे गुणक धरूनही, साइटवर केलेल्या ३ मिमी.च्या चांगल्या वेल्डची परिणामकारक लांबी कागदावर २० मिमी.च्या आसपास पुरते.

तपासणीत कोपऱ्याजवळच्या क्लीटला रंगाची सलग रेघ दिसते. ब्रश मारल्यावर कळते की दोन टोकांना १०-१० मिमी.चे टॅक, म्हणजे तात्पुरते धरून ठेवणारे वेल्डचे तुकडे आहेत आणि मधली फट रंगाने भरलेली आहे. हॅक्सॉचे पान त्या फटीत सहज शिरते. वरवर बेरीज २० मिमी. होते, म्हणजे नेमकी पुरती. पण पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकाप्रमाणे परिणामकारक लांबी काढताना दोन्ही टोकांचा मिळून वेल्डच्या पायाच्या लांबीच्या दुप्पट भाग सोडावा लागतो, आणि उरलेली लांबी पायाच्या चौपटीहून कमी असली तर तो तुकडा मोजायचाच नाही. १० मधून ६ गेले, उरले ४ मिमी.; हवे होते १२. दोन्ही टॅक हिशेबातून बाद होतात. शिवाय कोपऱ्याजवळची ओढ मधल्यापेक्षा जास्त. अशा क्लीटवर खडूने फुली मारून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्यावा आणि कैचीचा व पर्लिनचा क्रमांक लिहावा. बहुधा त्याच हाताने टॅक मारून सोडलेल्या आणखी क्लीट त्याच ओळीत निघतात.

पाया. बेस प्लेटचे जोड बहुधा झाकलेले असतात आणि त्यांविषयी पाहून थोडेच सांगता येते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमी.च्या वर पाऊस पडतो. चिऱ्याच्या जोत्यावर पाणी आपटून खांबाचा खालचा वीतभर भाग सतत ओला राहतो. जमिनीलगत रंगाखाली फुगवटा आला असेल तर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे आणि उरलेली जाडी व्हर्नियरने मोजावी. बेस प्लेटखालची ग्राउट पोकळ वाजत असेल तर तेही नोंदवावे.

मर्यादा. वेल्डच्या मुळाशी धातू मिसळला आहे का, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींची किंवा क्ष-किरणांची तपासणी लागते. तडा सापडल्यास त्यावरून दुसरा वेल्ड ओढणे ही सर्वत्र आढळणारी दुरुस्ती चुकीची आहे. मुळातला तडा आत तसाच राहतो आणि नव्या वेल्डमधून वर येतो. तो ग्राइंडरने पूर्ण खणून काढावा लागतो, आणि त्याआधी त्या जोडावरचा भार टेकू देऊन काढावा लागतो. टेकू कुठे व किती द्यायचा हे ठरवणे अभियंत्याचे काम आहे.