रिटॉर्ट पाउच

शिजवलेले अन्न हवाबंद पाकिटात भरून, पाकिटासकट उच्च दाबाखाली तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत व तसे पाकीट. राजमा, पालक पनीर, दाल मखनी अशा 'रेडी-टू-ईट' भाज्यांची फ्रीजबाहेर वर्षभर टिकणारी पाकिटे याच प्रकारची असतात. अमेरिकी सैन्यासाठी नॅटिक येथील प्रयोगशाळेत या पाकिटावर बरेच संशोधन झाले. बाजारात ते प्रथम गाजले जपानमध्ये, १९६८ साली आलेल्या 'बॉन करी'मुळे. भारतात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांच्या शिध्यासाठी हे तंत्र विकसित केले आणि तेथून ते खाजगी उत्पादकांकडे गेले.

वेष्टनावर बहुधा 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असे छापलेले असते आणि वाचणाऱ्याला ते खोटे वाटते. ते खरे असू शकते, कारण येथे टिकाऊपणा उष्णतेतून येतो. भाजी भरून पाकिटाचे तोंड उष्णतेने चिकटवतात आणि पाकिटे रिटॉर्ट नावाच्या मोठ्या दाबपात्रात ठेवतात. मुख्य शत्रू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तास-तासभर तग धरतात, आणि बंद पाकिटातली प्राणवायूविरहित जागा त्यांना मानवते. म्हणून ४.६ पेक्षा जास्त सामू असलेल्या, म्हणजे फारशा आंबट नसलेल्या पदार्थाच्या अगदी मध्यभागी १२१ अंश सेल्सियसला किमान तीन मिनिटांइतका उष्णतेचा परिणाम व्हावा लागतो. उत्पादक प्रत्यक्षात त्याहून जास्त देतात. घरच्या कुकरमध्येही जवळपास एवढेच तापमान गाठले जाते, पण कुकर उघडताच हवेतले जंतू पुन्हा आत येतात. पाउच मात्र तापतानाही बंद असतो आणि नंतरही. तो फुगून फुटू नये म्हणून रिटॉर्टमध्ये बाहेरून हवेचा जादा दाब देतात.

पाकिटाचे थर हा या व्यवस्थेचा दुसरा निम्मा भाग. बाहेर छपाईचे पॉलिएस्टर, मध्ये हवा, ओल आणि प्रकाश अडवणारी ॲल्युमिनियमची पातळ पन्नी, आत चिकटून बंद होणारे पॉलिप्रॉपिलीन. चपट्या आकारामुळे उष्णता डब्यापेक्षा लवकर मध्यापर्यंत पोचते आणि कडेची भाजी अति शिजत नाही. 'बेस्ट बिफोर'ची तारीख सहसा जंतूंमुळे नव्हे, तर हळूहळू उतरणारी चव आणि रंग यांमुळे ठरते.

कृतीचा मजकूर वाचताना आधी 'रेडी-टू-ईट' आहे की 'रेडी-टू-कुक' हे पाहावे. पहिल्यात शिजवायचे काही उरलेले नसते, फक्त गरम करायचे. न उघडलेले पाकीट उकळत्या पाण्यात सुमारे तीन ते पाच मिनिटे ठेवा, अशी सूचना त्यावर असते. कोपरा कापताना वाफ हातावर येते. मायक्रोवेव्हसाठी भाजी भांड्यात काढावी लागते, कारण पन्नी धातूची आहे. पन्नीविना बनवलेली काही पाकिटे थेट चालतात, पण तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच.

सोडियमचा आकडा मात्र शांतपणे वाचावा. तक्त्यात तो बहुधा १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये असतो, आणि टक्केवारी एका 'सर्व्हिंग'ची. समजा ३०० ग्रॅमच्या राजम्यावर १०० ग्रॅममागे ४२० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकिटात दोन सर्व्हिंग आहेत. टक्केवारीच्या रकान्यात ३२ च्या आसपास आकडा दिसेल, कारण भारतीय लेबल दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम धरते. एकट्याने पूर्ण पाकीट संपवले, आणि बहुतेक जण तसेच करतात, तर १२६० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचे ६३ टक्के पोटात गेले. अडीचने गुणल्यास हे सुमारे ३.१५ ग्रॅम मीठ होते. शेजारचे लोणचे आणि पापड यात धरलेले नाहीत. येथे मीठ मुख्यतः चवीसाठी असते, टिकण्यासाठी नव्हे. त्यामुळे कमी सोडियमचे पाकीटही तितकेच टिकते. सोडियम मिठाखेरीज खाण्याचा सोडा किंवा चववर्धक ६२१ यांतूनही येते आणि तक्त्यातला आकडा या साऱ्यांची बेरीज असतो.

बिघाड बहुधा जोडावर होतो. भरताना रसा किंवा दाणा जोडात अडकला की बारीक वाट राहते. घडीवर पन्नीला टाचणीएवढे छिद्रही पडू शकते. फुगलेले, चिकट किंवा गळके पाकीट चाखूनही पाहू नये. बोट्युलिनमचे विष वासावरून हमखास कळत नाही, म्हणून चांगला वास आल्याने संशयित पाकीट सुरक्षित ठरत नाही. पाकीट उघडले की आतली भाजी घरच्या शिजवलेल्या भाजीसारखीच: उरलेली भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावी आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत संपवावी.